ओरडणाऱ्याचा नंबर आधी का?

कस्टमरच्या मेसेजमधला राग किंवा घालमेल मशीनने ओळखायची आणि तो मेसेज रांगेतून उचलून पटकन माणसासमोर ठेवायचा, यावरून सध्या जो वाद चाललाय तो ऐकून डोकं फिरतं. एक पार्टी म्हणते मशीनला भावना कळत नाहीत, त्यामुळे हा सगळा प्रकार थोतांड आहे. दुसरी पार्टी म्हणते आमच्या मॉडेलची अ‍ॅक्युरसी नव्वदच्या वर आहे, आता बोला. दोघंही भलत्याच गोष्टीवर भांडतायत. मशीनला राग "कळतो" का हा प्रश्न गप्पा मारायला बरा आहे, पण सपोर्टच्या खुर्चीत बसलेल्या माणसापुढे प्रश्न एवढाच असतो की दोनशे मेसेज पडलेत, आधी कुठला उघडू? माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. असं फ्लॅगिंग करावं, जरूर करावं, पण राग आणि अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आज बहुतेक ठिकाणी एकाच आकड्यात त्यांची खिचडी केली जाते. त्यामुळे आवाज करणारा पुढे जातो आणि खरोखर अडलेला मागेच राहतो.

रांगेत प्रत्येकाला सारखंच वागवा, आला त्या क्रमाने घ्या, यात अन्याय नाही असं वाटतं ना? १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली. समोरच्या शेजाऱ्याने फायर ब्रिगेडला कळवायला फोन उचलला, पण तेव्हा मदत हवी असली की ऑपरेटरलाच फोन लावावा लागायचा आणि ऑपरेटरला बाहेरून सगळे कॉल सारखेच दिसायचे. कोणी मामेबहिणीला फोन लावतोय की कोणाचं घर जळतंय, कळायला मार्गच नाही. शेजारी रांगेत लटकला. त्या आगीत पाच बायका गेल्या. त्याने चिडून टाइम्सला पत्र लिहिलं, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ ला लंडनमध्ये ९९९ नंबर सुरू झाला. त्या नंबरवर कॉल आला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा आणि भोंगा वाजायचा, की ऑपरेटरने हातातलं सोडून आधी हा घ्यावा. फ्लॅगिंग म्हणजे हेच. दिव्याला आग कळत नव्हती, आणि कळायची गरजही नव्हती. त्याचं काम ऑपरेटरची मान वळवण्यापुरतं, आग आहे की नाही हे ऑपरेटरच ठरवणार. तेव्हा "मशीनला काय कळतंय" हा मुद्दा माझ्यापुरता इथेच संपला.

पण त्या गोष्टीत एक फरक आहे आणि विरोधकांचा सगळ्यात तगडा मुद्दा त्यातूनच निघतो. ९९९ फिरवणारा माणूस स्वतःहून सांगत होता की माझं अर्जंट आहे, कोणी त्याच्या आवाजावरून अंदाज बांधत नव्हतं. मग आपणही कस्टमरला एक "तातडीचं" बटण देऊन मोकळं का होऊ नये? टोन ओळखण्याचा द्राविडी प्राणायाम कशाला? मुद्दा चांगला आहे आणि बटण द्यावंच असं मी म्हणेन. अडचण अशी की फायर ब्रिगेडला खोटं बोलावण्याची माणसाला लाज वाटते, शिवाय शिक्षेची भीती असते. सपोर्टच्या फॉर्मवर यातलं काहीच नसतं, त्यामुळे थोड्याच दिवसांत निम्मे लोक ते बटण दाबूनच मेसेज पाठवायला लागतात. आणि याहून वाईट म्हणजे ज्याने दाबायला हवं तो दाबत नाही. का, ते खालच्या दोन मेसेजवरून दिसेल. मेसेज मी रचलेले आहेत, पण सपोर्टमध्ये बसलेल्या कोणालाही ओळखीचे वाटतील.

पहिला: "तुमची सर्व्हिस एकदम थर्ड क्लास आहे!!!! तीन दिवस झाले रिफंड कुठाय??? लाज वाटते का काही??" दुसरा: "नमस्कार. कालपासून माझं खातं बंद दाखवतंय. पगार त्यातच जमा झाला आहे. उद्या आईचं ऑपरेशन आहे, सकाळी पैसे भरायचे आहेत. तुम्हाला कामं असतील याची कल्पना आहे, सवडीने बघितलं तरी चालेल पण जमलं तर आज बघा. त्रासाबद्दल माफ करा, धन्यवाद."

हे दोन्ही साध्या सेंटिमेंट मॉडेलला दिले तर पहिला टॉपला जातो आणि दुसरा खाली गटांगळ्या खातो, कारण दुसऱ्यात "नमस्कार" आहे, "धन्यवाद" आहे, "चालेल" आहे, शिवी नाही की उद्गारचिन्ह नाही. यात मॉडेलची फारशी चूक नाही, त्याला शिकवलंय तेच ते करतं. या विद्येचा सुरुवातीचा बराचसा अभ्यास सिनेमाच्या रिव्ह्यूंवर झालाय. पिक्चर आवडला की नाही एवढंच शोधायचं, आणि त्याला ते काम ठीकही होतं. पुढे २०१४ मध्ये आलेलं व्हेडर नावाचं टूल तर अजून खूप ठिकाणी वापरात आहे. ते शब्दांच्या यादीवर चालतं आणि वर नियम लावतं, उद्गारचिन्हं असतील तर तीव्रता वाढव, शब्द कॅपिटलमध्ये असेल तर अजून वाढव. म्हणजे आवाज किती मोठा आहे ते मोजतं. आता देवनागरीत कॅपिटल अक्षरच नाही, तेव्हा इंग्रजीत ओरडणाऱ्याला जो बोनस मिळतो तो मराठीत ओरडणाऱ्याला मिळणारच नाही (आपण मग उद्गारचिन्हं दुप्पट टाकतो ती गोष्ट वेगळी). त्यात आपल्या बोलण्यात "फोन करून करून मेलो", "जीव नकोसा केलाय तुम्ही" हे रोजचं आहे. शब्दावर जाणारं मॉडेल याला जिवाचा धोका समजून भोंगा वाजवतं, आणि जो खरंच जगण्याला कंटाळलाय तो बऱ्याचदा एकही असा शब्द न वापरता "आता काही करू नका, राहू दे" एवढंच लिहितो.

नवी मोठी मॉडेल्स आख्खं वाक्य वाचतात, मिक्स भाषा आणि थोडाफार टोमणाही पकडतात, हे मान्य. पण मॉडेल कितीही हुशार असो, त्याला तुम्ही प्रश्न काय विचारता यावर सगळं आहे. "हा माणूस किती चिडलाय" असं विचारलंत तर ते अगदी बरोबर उत्तर देईल की पहिला जास्त चिडलाय, आणि ते बरोबर उत्तर तुमच्या काही कामाचं नसेल.

अपघातात अनेक जण जखमी असताना आधी कोणाकडे जायचं हा प्रश्न डॉक्टरांनी कधीच सोडवून ठेवलाय. नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन डोमिनिक लारे याने हुद्दा न बघता ज्याची जखम जास्त गंभीर त्याला आधी घ्यायची पद्धत घातली, आज त्यालाच ट्रायाज म्हणतात. आणि त्यात आजही शिकवलं जातं की जो मोठ्याने ओरडतोय त्याचा श्वास चालू आहे, आधी जो गप्प पडलाय त्याच्याकडे बघा. याचा अर्थ ओरडणाऱ्याला दुखत नाही असा नव्हे. त्याला दुखतंच आहे, त्याच्याकडे पण जायचंय. पण ओरडणं हे गांभीर्याचं माप नाही, एवढी साधी गोष्ट सैन्यातल्या डॉक्टरांना दोनशे वर्षांपूर्वी कळली आणि आपण डॅशबोर्डवर लाल-हिरवे चेहरे लावून ती विसरलो.

याचा अगदी नेमका पुरावा बघायचा तर अमेरिकेतल्या क्रायसिस टेक्स्ट लाइनचा बघा. २०१३ पासून चाललेली ही सेवा, संकटात असलेली माणसं टेक्स्ट मेसेज पाठवतात आणि स्वयंसेवक उत्तर देतात. त्यांच्याकडेही रांग लागते, आणि रांग लावायला त्यांनी मेसेजमधले शब्द तपासले. कोणीही अंदाज करेल की "आत्महत्या" हा शब्द आला की धोका सर्वात जास्त. पण आधीच्या संवादांचा डेटा तपासल्यावर निघालं की आयबुप्रोफेनसारख्या साध्या गोळीचं नाव आलं तर प्रत्यक्ष मदत पाठवायची वेळ येण्याची शक्यता त्याहून कितीतरी जास्त असते. विचार केला तर यात नवल नाही. ज्याच्या हातात गोळ्या आहेत तो गोळ्यांचं नाव घेतो. भावनेचा शब्द मागे पडला आणि वस्तूचं नाव पुढे आलं.

आपल्या दुसऱ्या मेसेजमध्येही तेच आहे. "खातं बंद", "पगार त्यातच", "ऑपरेशन", "उद्या सकाळी". चार कोरड्या गोष्टी, भावना शून्य, आणि त्या चार एकत्र आल्या की कुठल्याही माणसाला एका सेकंदात कळतं. तेव्हा मॉडेलला विचारायचं ते हे, की या माणसाचं काय अडलंय, ते कधीपर्यंत सुटायला हवं, आणि नाही सुटलं तर भरून न येणारं नुकसान होईल का. त्याशिवाय एक वेगळा प्रश्न, माणूस चिडलाय का. उत्तरं दोन आणि रांगाही दोन. चिडलेल्याला अनुभवी माणूस लागतो, तडजोड करायचे अधिकार असलेला, कारण नवख्याने तिथे ठोकळेबाज उत्तर टाकलं तर आगीत तेल. अडलेल्याला बहुतेकदा असा माणूस लागतो ज्याला सिस्टिममध्ये ते खातं आत्ताच्या आत्ता उघडता येतं, त्याचं बोलणं गोड नसलं तरी बिघडत नाही. दोघांना एकाच "निगेटिव्ह" डब्यात टाकलं की दोघांनाही चुकीचा माणूस मिळतो.

आता त्या नव्वद टक्केवाल्यांकडे वळतो. समजा दिवसाला २००० मेसेज येतात आणि त्यातले ४० खरोखर तातडीचे आहेत, म्हणजे दोन टक्के (आकडे समजायला घेतलेत, कुठल्या कंपनीचे नाहीत). एकही मेसेज फ्लॅग न करणारं मॉडेल बनवा, कशालाही हात न लावणारं, त्याची अ‍ॅक्युरसी भरते ९८ टक्के! म्हणून अ‍ॅक्युरसीचा आकडा कोणी तोंडावर फेकला की सरळ उठून जावं. विचारायचं हे की ४० पैकी किती सापडले, आणि जे फ्लॅग झाले त्यातले किती खरे निघाले. समजा मॉडेल बरं आहे, तातडीच्यातले ८० टक्के पकडतं आणि बाकीच्यातल्या १० टक्क्यांवर उगाच भोंगा वाजवतं. मग ४० पैकी ३२ सापडले, वा. पण उरलेल्या १९६० चे १० टक्के म्हणजे १९६ खोटे फ्लॅग. एकूण २२८ फ्लॅग, त्यात खरे ३२, सातातला एक. प्रत्येकाला पाच मिनिटं धरली तर १९ तासांचं काम, आणि त्या रांगेवर तुम्ही बसवलेत दोन जण, आठ-आठ तास, मध्ये जेवण. तेव्हा रांग कायमच तुंबलेली राहणार, आणि पंधरवड्यात ती दोन माणसं फ्लॅगकडे बघणंच सोडून देणार, कारण सातातले सहा फुसके निघतात हे त्यांच्या बोटांना कळलेलं असतं. दिवा दिवसभर लालच असेल तर तो असून नसल्यासारखा.

म्हणून थ्रेशोल्ड, म्हणजे किती स्कोअरच्या वर फ्लॅग करायचं ती रेष, मॉडेल बनवणाऱ्याने ठरवायची गोष्टच नाही, ती हातांच्या संख्येवरून ठरते. रेष वर नेली, समजा आता ६० टक्के पकडतं आणि खोटे फ्लॅग २ टक्क्यांवर आले, तर २४ खरे आणि ३९ खोटे, एकूण ६३. सव्वापाच तासांचं काम, दोघांना आरामात झेपणारं, आणि पाचातले जवळपास दोन खरे, त्यामुळे फ्लॅगवरचा विश्वास टिकतो. पण किंमत काय मोजली? १६ माणसं सुटली, आधी आठच सुटत होती. ही किंमत लपवायची नाही. यातून बाहेर पडायचा फुकटचा रस्ता नाही, एकतर माणसं वाढवा, नाहीतर या १६ जणांसाठी साध्या रांगेलाच एक कमाल मुदत घाला, की फ्लॅग असो नसो, इतक्या तासांच्या आत प्रत्येक मेसेज कोणीतरी वाचणारच. फ्लॅग लागला नाही म्हणजे अर्जंट नाही, असा अर्थ जिथे लावला जातो तिथे हे सिस्टिम नसलेलंच बरं.

आणि हे १६ सुटले हे कळणार कसं? फ्लॅग झालेले मेसेज तर कोणीही तपासेल, समोरच असतात. न झालेल्यातले रोज पन्नास चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलून माणसाने वाचायचे. आता गंमत बघा, फ्लॅग न झालेल्या १९३७ मेसेजमध्ये १६ दडलेले असतील तर पन्नासात एकही सापडणार नाही अशीच शक्यता जास्त. त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांत मॅनेजर खूश, "बघा, काहीच सुटत नाहीये". महिनाभर रेटलं, दीड हजार मेसेज वाचले, तेव्हा कुठे डझनभर हाती लागतात, आणि ते शेजारी-शेजारी ठेवले की दिसतं ते सगळे एकाच जातीचे आहेत, नम्र, लांबलचक, माफी मागणारे. किंवा सगळे मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप केलेले. किंवा वयस्कर माणसांनी पत्रासारखे लिहिलेले. कोणावर अन्याय होतोय हे या ढिगातच दिसतं, इतर कुठेही नाही, आणि हा ढीग वाचायला कोणी तयार नसतो कारण कंटाळवाणं काम आहे.

हे म्हणजे कस्टमरवर पाळत ठेवणं झालं, हा आक्षेप मात्र मी हलक्यात घेणार नाही. माणूस तक्रार लिहितो ती तक्रार म्हणून वाचावी यासाठी, त्याच्या मनाचं मोजमाप करून फाइलला लावावं यासाठी नाही. वर ज्या क्रायसिस टेक्स्ट लाइनचं मी कौतुक केलं, त्यांनीच आपल्या संवादांचा डेटा, नावं काढून, लोरिस नावाच्या कंपनीला दिला होता. ती कंपनी काय करायची? कस्टमर सपोर्टचं सॉफ्टवेअर! जानेवारी २०२२ मध्ये पॉलिटिकोने हे छापलं, बोंबाबोंब झाली आणि काही दिवसांत त्यांना ते बंद करावं लागलं. माणसांनी आयुष्यातल्या सगळ्यात वाईट रात्री लिहिलेलं बोलणं कोणाच्या तरी प्रॉडक्टचा कच्चा माल झालं होतं. नावं काढली होती म्हणून ते बरोबर ठरतं का? मला नाही वाटत. पण यातून निघतं ते असं की स्कोअर त्या मेसेजपुरताच ठेवा. तक्रार सुटून तिचं तिकीट बंद झालं की स्कोअर पुसा. "हा कस्टमर भांडकुदळ आहे" असा शिक्का प्रोफाइलवर बसता कामा नये, नाहीतर आज मदतीसाठी लावलेला दिवा उद्या त्याच माणसाला ऑफर नाकारायला किंवा फोनवर ताटकळत ठेवायला वापरला जाईल. आणि हाच स्कोअर सपोर्टच्या पोरांच्या अप्रेझलला जोडायचा नाही. जोडला की ती पोरं चिडलेलं तिकीट एकमेकांकडे ढकलायला लागतात, कारण जो घेईल त्याचा आकडा बिघडतो. याने वाद मिटत नाही हे मला माहीत आहे, नियम कागदावर राहतात, पण रांग आंधळी ठेवल्याने मेसेज काही कमी वाचले जात नाहीत, नुसते उशिरा वाचले जातात.

अजून एक आक्षेप आहे, आणि तो खरं तर माझ्याच बाजूचा आहे. चिडलेल्याला आधी घेतलं की लोक चिडायला शिकतात. रडल्याशिवाय आई पण पाजत नाही, हे तर आपण लहानपणापासून ऐकलंय. लोकांना एकदा कळलं की चार शिव्या घातल्या की अर्ध्या तासात उत्तर येतं, की साधी चौकशी पण शिव्या घालूनच यायला लागते, आणि ते सगळं वाचायचं कोणी? सपोर्टवाल्या पोरांनीच. काय अडलंय यावर रांग लावली तर ही सवय लागत नाही, कारण शिवी घालून नंबर वर सरकत नाही. खोटं ऑपरेशन सांगणारे निघतील, निघूदेत, मेसेज उघडल्यावर माणूस दोन प्रश्न विचारेल आणि खातं बंद आहे की नाही ते सिस्टिममध्ये दिसतंच.

राहिले ते "मूळ कारण दुरुस्त करा, हे मलमपट्टीचे धंदे बंद करा" म्हणणारे. त्यांच्याशी माझं भांडणच नाही, फक्त मूळ कारण सापडणार कुठे ते त्यांनी सांगावं. त्या ६३ फ्लॅगकडे आठवड्यातून एकदा एकत्र बघा, उत्तर द्यायला नाही तर वर्गवारी करायला. समजा त्यात रोजचे वीसेक एकाच गोष्टीचे निघाले, खातं तपासणीसाठी बंद केल्यावर जो ऑटोमॅटिक मेसेज जातो त्यात ना कारण लिहिलंय ना किती दिवस लागतील ते, नुसतं "आपली गैरसोय झाल्याबद्दल क्षमस्व". तो मेसेज लिहिणाऱ्याला बोलवा, हे वीस त्याला वाचायला लावा, मेसेजमध्ये मुदत आणि पगाराचे पैसे काढायचा मार्ग घाला. फ्लॅग ६३ वरून पंचेचाळीसच्या आसपास आले की रोजचा दीडेक तास मोकळा होतो, आणि तो तास दुसऱ्या कामाला पळवण्याऐवजी रेष तेवढी खाली आणायची, म्हणजे सुटणाऱ्या सोळातले अजून काही हाती लागतात.